विसाची ३बी आणि नरक चतुर्दशी: एका कर सल्लागार कार्यालयाची दिवाळी सुटी

इचलकरंजीत कर सल्लागाराचं कार्यालय चालवायचं म्हणजे बहुतेक पार्ट्या कापडाच्या. कुणी यंत्रमागवाला, कुणी सूत व्यापारी, कुणी प्रोसेसवाला, आणि अधूनमधून एखादं किराणा दुकान किंवा हॉटेल. आमचंही तसंच आहे. दिवाळीला माग बंद होतात, कामगार गावी जातात, गावच थोडं सुस्तावतं. त्यामुळे आपणही चार-पाच दिवस कुलूप लावलं तर कुणाचं काय अडणार, असं वाटतं. २०२५ च्या दिवाळीत मात्र तारखा अशा काही जुळल्या की सुटीचा निरोप लिहिण्याआधी कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसावं लागलं.

वसुबारस शुक्रवारी १७ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी शनिवारी १८ ला, रविवार मोकळा, नरक चतुर्दशी सोमवारी २० ला, लक्ष्मीपूजन २१ ला, पाडवा २२ ला आणि भाऊबीज २३ ला. आता याच्यावर जीएसटीच्या तारखा ठेवून बघा. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या धंदेवाल्यांचं तिमाही कराचं विवरण, सीएमपी-०८, अठरा तारखेला, म्हणजे धनत्रयोदशीला. ३बी हे कर भरायचं मुख्य रिटर्न; दरमहा भरणाऱ्यांची सप्टेंबरची ३बी वीस तारखेला, म्हणजे अभ्यंगस्नानाच्या दिवशी. तिमाहीवाल्यांची ३बी महाराष्ट्रात बावीसला, म्हणजे पाडव्याला. एकही तारीख सणाच्या बाहेर नाही. त्यात २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदललेले. मानवनिर्मित धाग्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला होता, त्यामुळे सूतवाल्यांच्या एकाच महिन्याच्या बिलांत दोन दर होते आणि प्रत्येकाला त्याबद्दल काहीतरी विचारायचं होतं.

आमच्याकडे दरवर्षी जाणारा निरोप एका ओळीचा असे. दिवाळीनिमित्त कार्यालय अमुक ते अमुक बंद राहील, आपणास व आपल्या परिवारास शुभेच्छा, खाली पणतीचं चित्र. सण महिन्याच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात पडला की तेवढ्यावर भागतं. यंदा तोच निरोप गेला असता, तर लोकांनी वाचला असता "बंद १९ पासून" आणि बिलांची पिशवी आणली असती १८ ला दुपारी. पार्टीला जी तारीख दिसते, तीच ती धरून बसते. म्हणून बंद होण्याच्या तारखेपेक्षा कागद पोहोचवायची तारीख ठळक लिहायची, हे आधी ठरवलं आणि बाकी सगळं त्याच्या मागे उलटं मोजत गेलो.

उलटं मोजणं असं. ३बीत खरेदीवर दिलेल्या कराची वजावट घ्यायची तर जीएसटीआर-२बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी हवी, आणि ती चौदा तारखेला तयार होते. त्याआधी कितीही घाई केली तरी आकडा पक्का होत नाही. म्हणजे आपल्या हातात १५ ते १८ एवढेच दिवस. पंधरापर्यंत बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट आलं, तर सोळाला मेळ घालून पार्टीला रोखीने भरायचा आकडा सांगता येतो. सतराला तिने चलन भरायचं. अठराला रिटर्न टाकायचं. रविवार सुटीचा धरलेला, पण एखादं चलन रेंगाळलं तर तेवढी फट उरते. चलनाच्या बाबतीत आणखी एक पाहिलं. नेट बँकिंगवाल्यांना अडचण नसते, पण काही छोटे दुकानदार अजून बँकेच्या खिडकीवर रोख भरतात. ती सोय दहा हजार रुपयांपर्यंतच आहे आणि तिला बँक उघडी लागते. २१ आणि २२ ला बँका बंद होत्या. म्हणजे पाडव्याची मुदत असलेल्या तिमाहीवाल्याला खिडकीवर भरायला प्रत्यक्षात सोमवारपर्यंतच वाव होता. अशा पार्ट्यांना निरोपाबरोबर वेगळा फोन केला.

खरी गोची ओटीपीची. मालकी धंद्याचं रिटर्न आम्ही कितीही तयार ठेवलं, तरी शेवटच्या पायरीला ओटीपी जातो तो नोंदवलेल्या मोबाईलवर आणि ईमेलवर. मालक कोकणात सासुरवाडीला, किंवा कुटुंब घेऊन गोव्याला. घाटात रेंज गेली की फाईल तिथेच उभी. कंपनी असेल तर डिजिटल सहीचा टोकन लागतो. बरेच जण तो टोकन सल्लागाराच्या ड्रॉवरमध्येच ठेवून जातात, "साहेब, तुमच्याकडेच असू दे." पण सहीची गुप्त चावी स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी कायद्याने सही घेणाऱ्याचीच आहे. तेव्हा सुटीच्या निमित्ताने टोकन आमच्याकडे ठेवू नका, शनिवारी तासभर कुणाला तरी घेऊन पाठवा, असंच सांगितलं. एकदोघांना ते जरा लागलं, पण त्याला इलाज नाही.

निरोप दसऱ्यानंतर लगेच गेला. अकरा तारखेच्या जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची आठवण तशीही करायचीच होती, त्याच वेळी हाही पाठवला. तो जवळजवळ असा होता:

"नमस्कार. दिवाळीसाठी कार्यालय रविवार १९ ते गुरुवार २३ ऑक्टोबर बंद राहील. शुक्रवार २४ ला सकाळी १० वाजता उघडेल.

सप्टेंबरच्या ३बीची मुदत २० ऑक्टोबर आहे आणि त्या दिवशी नरक चतुर्दशी आहे. तिमाही ३बीची मुदत २२ ला, पाडव्याला आहे. आपली सर्व रिटर्न आपण शनिवार १८ च्या संध्याकाळपर्यंत भरणार आहोत. त्यासाठी खरेदीची बिलं आणि बँक स्टेटमेंट बुधवार १५ ला संध्याकाळी ६ पर्यंत पोहोचवा. भरायचा आकडा गुरुवारी कळवू, चलन शुक्रवारी भरा. शनिवारी ११ ते ५ मध्ये ओटीपीसाठी फोन येईल, तेव्हा मोबाईल जवळ ठेवा. त्या दिवशी प्रवासात असाल तर आत्ताच सांगा, आपलं काम आधी घेऊ. बुधवारनंतर आलेली बिलं या महिन्याच्या रिटर्नमध्ये धरता येतील असं सांगता येत नाही.

बंदच्या दिवसांत तीन गोष्टींसाठीच फोन करा. मालाची गाडी अडवली किंवा ई-वे बिलाची मुदत संपत आली. अधिकारी दुकानात किंवा कारखान्यात आले. नोटीस आली आणि तिच्यावरची उत्तराची तारीख २४ किंवा त्याआधीची आहे. गाडी आणि अधिकारी यांसाठी कोणत्याही वेळी, नोटिशीसाठी सकाळी १० ते १२. फोनवर न भेटल्यास दुसऱ्या नंबरवर करा, मेसेज टाकून थांबू नका. बाकी सर्व कामं २४ पासून."

खाली दोन नंबर, आणि प्रत्येक दिवशी पहिला फोन कोण उचलेल त्याचं नाव.

"तातडीचं असेल तर फोन करा" एवढंच लिहून सोडायचं नाही, यावर आमच्यात वाद झाला. एक सहकारी म्हणाला, लोकांना कळतं की. कळत नाही. बँकेचा मॅनेजर कर्जासाठी उलाढालीचा दाखला मागतोय, ही त्या माणसाच्या दृष्टीने तातडीच असते आणि त्याचं चूक नाही. पण दाखला २४ ला दिला तर कुठलाही हक्क जात नाही, दंड लागत नाही. आमची कसोटी एवढीच होती की घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हातात आहे का. गाडी अडवली की घड्याळ अधिकाऱ्याच्या हातात. माल वाहून नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाचं घड्याळ पोर्टलच्या हातात. नोटिशीचं घड्याळ तिच्यावर छापलेलं. बाकी घाई आपली आपण ठरवलेली असते. पार्टीला मात्र हे तत्त्व सांगत बसायचं नाही, तीन प्रसंग सांगायचे. तत्त्वावर प्रत्येक जण वाद घालतो. गाडी अडली आहे की नाही, यावर वाद होत नाही.

पाळ्या लावताना घरोघरच्या दिवाळीचा विचार करावा लागला. एका मुलाचा दिवाळसण होता, त्याला पाडव्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. भाऊबीजेला मुली माहेरी जाणार. लक्ष्मीपूजनाचा दिवस साहेबांनी स्वतःकडे घेतला. पाळीवाल्याकडे लॅपटॉप, पार्ट्यांची यादी आणि एक वही. त्या वहीत, सगळ्यांनी नाक मुरडूनही, मी एक रकाना वाढवला होता: पार्टीचा नेहमीचा ट्रान्सपोर्टवाला आणि त्याच्या मालकाचा मोबाईल. त्याचं कारण पुढे येतं.

निरोप कसा पाठवला, हेही सांगतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर टाकला की सगळ्यांना गेला, असं समजतात. पण ज्याने आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही. जुनी मंडळी "वकीलसाहेब ऑफिस" म्हणून लँडलाईन ठेवतात आणि मोबाईल नंबर त्यांच्या मुलाकडे असतो. म्हणून ज्यांच्या मेसेजपुढे एकच टिकमार्क दिसत होता, त्यांची वेगळी यादी काढून त्यांना सरळ फोन केले. दारावर कागद लावला. शिवाय १७ ला फक्त ज्यांची बिलं आली नव्हती किंवा चलन राहिलं होतं, त्यांना पुन्हा कळवलं. सगळ्यांना पुन्हा पाठवलं की लोक पहिल्या शब्दावरच मेसेज मिटवतात.

शनिवारी दुपारपर्यंत आणखी एक काम उरकलं. सगळ्या पार्ट्यांचं पोर्टल उघडून नोटिशींचे दोन्ही टॅब बघितले. एक नेहमीचा "नोटीस आणि ऑर्डर"चा, दुसरा "अतिरिक्त नोटीस आणि ऑर्डर"चा. हा दुसरा टॅब पुष्कळांना माहीतच नसतो आणि नोटीस तिथे पडून राहते. पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावली गेली असंच धरतात. सुटीत नोटीस आली तर येऊ दे, पण आधीच आलेली आणि सुटीत मुदत संपणारी तरी आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

त्याच १८ तारखेला सरकारने मुदत वाढवली. सप्टेंबरची मासिक आणि तिमाही ३बी २५ ऑक्टोबरपर्यंत चालेल, अशी अधिसूचना निघाली. अशी वाढ येईल म्हणून बाजारात आठवडाभर चर्चा होतीच. "साहेब, वाढणार आहे म्हणतायत, मग घाई कशाला?" हे बुधवारीच ऐकून झालं होतं. सुटीचा निरोप अशा अफवेवर कधी बेतायचा नाही. वाढ झाली नसती तर दिवसाला पन्नास रुपये उशिरा शुल्क, शून्य रिटर्न असेल तर वीस, आणि रोखीने भरायच्या करावर १८ टक्के व्याज. आकडे छोटे वाटतात, पण पार्टी व्याजापेक्षा "तुमच्यामुळे लागलं" या वाक्यावर जास्त बोलते.

वाढ झाल्यावर काय कळवायचं, हा खरा नाजूक भाग होता. सगळ्यांना "मुदत २५ पर्यंत वाढली" असा मेसेज गेला असता, तर ज्यांची रिटर्न भरून झाली होती त्यांचेच फोन आले असते, आमचं भरायचं राहिलंय का म्हणून. आणि ज्यांची राहिली होती ते निर्धास्त झाले असते. म्हणून हा निरोप फक्त राहिलेल्यांना गेला, आणि त्यात तारीख सरकारची न देता आमची दिली: मुदत वाढली आहे, पण कार्यालय २४ लाच उघडेल, तुमचं रिटर्न २४ ला दुपारी भरू, चलन २३ पर्यंत भरून ठेवा. पंचवीसचा दिवस हातचा राखून ठेवला. शेवटच्या दिवशी पोर्टल गळ्याशी येतं, हे या धंद्यात कुणाला सांगायला नको.

आता लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पाचच्या सुमारास एका कापड व्यापाऱ्याचा फोन. त्याची गाडी १७ ला सुरतेला निघाली होती. अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे चार दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो असं मोजतात. तेव्हा १७ चं बिल २१ च्या मध्यरात्री संपणार. इतक्या दिवसांत गाडी दोनदा जाऊन आली असती. पण ड्रायव्हर उत्तरेकडचा. तिकडे लक्ष्मीपूजन २० ला होतं, आपल्याकडे २१ ला. तो वापीजवळ एका यार्डात गाडी लावून सणाला घरी गेला होता. व्यापाऱ्याला हे कळलं ते घेणाऱ्याने माल कुठे म्हणून विचारलं तेव्हा.

"साहेब, मी माझ्या लॉगिनला जाऊन बघितलं, मुदत वाढवायचं बटणच येईना."

बटण येणारच नव्हतं. ई-वे बिलात एकदा ट्रान्सपोर्टरचा क्रमांक टाकला की मुदत वाढवायचा हक्क त्या ट्रान्सपोर्टरचा. माल पाठवणाऱ्याला तो पर्याय दिसत नाही. आणि वेळही ठरलेली असते: मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास. या गाडीसाठी २१ ला दुपारी चार ते पाडव्याला सकाळी आठ. त्याच्या आधी करायला गेलं तरी होत नाही, आणि त्याच्या नंतर तर नाहीच. पोर्टल सण बघत नाही.

ट्रान्सपोर्टचं ऑफिस पूजेसाठी बंद. वहीतला मालकाचा मोबाईल लागला. तो चोपडीपूजनाला बसायच्या तयारीत होता. साहेबांनी त्याला काय काय लागेल ते एका दमात सांगितलं: ई-वे बिलाचा बारा आकडी क्रमांक, गाडी नंबर, गाडी आत्ता कुठे उभी आहे त्याचा पिनकोड, तिथून उरलेलं अंतर, आणि कारण. माल चालत्या गाडीत आहे की वाटेत थांबलेला आहे, हेही पोर्टल विचारतं. इथे थांबलेला हे खरं होतं, तेच भरायचं. उरलेलं अंतर दोनशेच्या आत, म्हणून एक दिवस मिळतो. त्यामुळे वाढवून गाडी तिथेच उभी ठेवली तर उद्या पुन्हा हाच खेळ. पाडव्याला सकाळी दुसरा ड्रायव्हर बसवतो, असं त्याने कबूल केलं आणि पूजेआधी मुदत वाढवून त्याचा फोटो पाठवला.

एवढा आटापिटा कशासाठी, हे आकड्यात सांगतो. समजा आठ लाखांचं कापड आहे. त्यावर पाच टक्क्यांनी कर चाळीस हजार. मुदत संपलेल्या ई-वे बिलावर गाडी अडवली आणि मालक पुढे आला, तर दंड कराच्या दुप्पट, ऐंशी हजार. अडवल्यापासून सात दिवसांत नोटीस, तिच्यानंतर सात दिवसांत आदेश. म्हणजे अधिकाऱ्याने मनात आणलं तर गाडी पंधरवडा उभी, आणि त्या काळात ट्रकचं भाडं कोण देणार यावर पार्टी आणि ट्रान्सपोर्टवाला यांचं वेगळं भांडण. पाळीवर कुणी नसतं, किंवा फोन उचलणाऱ्याकडे ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर नसता, तर सकाळी आठ वाजले असते.

बाकीचे फोन साधे निघाले. पाडव्याला एका सूत व्यापाऱ्याला नोटिशीचा एसएमएस आला आणि त्याचा आवाज कापत होता. त्याला एवढंच विचारलं, नोटिशीवर वरची तारीख काय आणि शेवटी उत्तर कधीपर्यंत द्यायला सांगितलंय ते वाच. रिटर्नमधल्या तफावतीची विचारणा होती, तीस दिवसांची मुदत. "अण्णा, फराळ करा, शुक्रवारी या." एकाला कर्जाच्या फाईलसाठी तीन वर्षांचं स्टेटमेंट हवं होतं. त्याला निरोपातल्या तीन गोष्टी आठवत होत्या, तरी विचारून बघितलं म्हणाला. नाही म्हणताना कारण एकाच वाक्यात सांगायचं, लांबण लावायचं नाही. लांबलं की घासाघीस सुरू होते.

पाळीवाल्याच्या हातात काय नाही, हेही आधी ठरवून ठेवलं होतं. अधिकारी दारात आले तर पाळीवाल्याने फोनवर उत्तरं द्यायची नाहीत. अधिकाऱ्यांचं ओळखपत्र आणि अधिकारपत्र बघून नाव, पद लिहून घ्या, आदराने बसवा, साहेब पोहोचेपर्यंत कशावरही घाईने सही करू नका, इतकंच सांगायचं. तसा प्रसंग यंदा आला नाही.

चोवीसला दुपारी राहिलेली रिटर्न भरून झाली. त्यानंतर पुढच्या दिवाळीचं कॅलेंडर काढलं. २०२६ ला धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन रविवारी ८ ला, पाडवा १० ला, भाऊबीज ११ ला. म्हणजे ३बी सणातून सुटते, पण टीडीएस भरायची सात तारीख धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी येते आणि जीएसटीआर-१ नेमका भाऊबीजेला. तिथे २बीची वाट बघायची नसते, कर भरायचा नसतो. लागतात फक्त पार्टीची स्वतःची विक्रीची बिलं, जी ३१ ऑक्टोबरलाच पूर्ण झालेली असतात. पण जीएसटीआर-१ चुकला तर ती बिलं समोरच्या खरेदीदाराच्या त्या महिन्याच्या २बीत दिसत नाहीत, त्याची वजावट एक महिना लांबते, आणि तो पैसे अडवून धरतो. म्हणून पुढच्या निरोपात कागदांची तारीख ३ नोव्हेंबर असेल, आणि कारण म्हणून दंडाऐवजी खरेदीदाराचं नाव लिहायचं ठरलं आहे.